दाराजवळच्या किल्ल्या: रोजच्या खुंटीवर, जादाच्या कपाटात

एका संध्याकाळी मी कचऱ्याची पिशवी ठेवायला दाराबाहेर पाऊल टाकलं आणि मागे दार लोटलं गेलं. आमचं लॅच आपोआप लागणारं आहे. किल्ली आत, घरात कोणी नाही. तरी मी घाबरले नाही, कारण जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलेली होती. काकूंनी ती तत्परतेने काढून दिली. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. तीन वर्षं ती त्यांच्या खणात होती आणि त्या तीन वर्षांत आम्ही ती एकदाही दाराला लावून पाहिली नव्हती. दोन तास जिन्यात बसून काढले.

त्यानंतर मी घरातल्या सगळ्या किल्ल्यांची व्यवस्था नव्याने लावली. काही गोष्टी दोनदा कराव्या लागल्या, एक भोक चुकीच्या जागी पडलं. नव्याने घर लावणाऱ्यांना या चुका टाळता याव्यात म्हणून मी केलं तसं, क्रमाने लिहिते आहे.

त्याआधी एक फरक लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घरात दोन प्रकारच्या किल्ल्या असतात. काही चालत्या, म्हणजे रोज बाहेर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या. काही बसलेल्या, म्हणजे जादाच्या, गच्चीच्या, कपाटांच्या, वर्षातून दोनदा लागणाऱ्या. चालत्या किल्लीला उघडी खुंटी लागते, कारण हात भरलेले असताना कोणी कपाटाचं दार उघडत बसत नाही. बसलेल्या किल्लीला बंद कपाट लागतं, कारण ती सगळ्यांच्या नजरेसमोर असण्याचं काही कारण नाही. या दोन्ही एकाच जागी टांगल्या की घोळ सुरू होतो. चालती सापडत नाही म्हणून बसलेली उचलली जाते, ती परत येत नाही, आणि जादा किल्ली घरात आहे असं आपण वर्षभर समजत राहतो.

काय काय लागेल

साधनं: ड्रिल, ६ मिमीचं पातं, ६ मिमीच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या, ४ मिमी जाडीचे आणि निदान ४० मिमी लांबीचे स्क्रू, पाणसळ, कागदी चिकटपट्टी, पेन्सिल, बारीक कानस, नेलपॉलिशच्या तीन-चार रंगांच्या बाटल्या, किल्ल्यांना अडकवायचे साधे बिल्ले, एक छोटी वही.

कागदपत्रं: कुलपासोबत मिळालेलं किल्लीच्या क्रमांकाचं कार्ड असेल तर ते, आणि कुलपाची पावती. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडायची आणि कुलूप बदलायची घरमालकाची लेखी परवानगी. शिवाय घर तुमचंच आहे हे दाखवणारं एखादं कागदपत्र फोनमध्ये किंवा घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे असू द्या. कुलूप उघडायला आलेला माणूस ते मागू शकतो, त्याने मागायलाच हवं, आणि त्या वेळी मूळ कागद नेमका बंद दाराआड असतो.

१. सगळ्या किल्ल्या एका चादरीवर ओता

खण, पर्स, जुने डबे, कोटांचे खिसे, सगळीकडच्या किल्ल्या गोळा करा. आमच्याकडे २३ निघाल्या. मग एकेक किल्ली घेऊन घरातल्या प्रत्येक कुलपाला लावून पाहा. ‘ही बहुतेक मागच्या दाराची’ एवढ्यावर थांबू नका, प्रत्यक्ष फिरवा. आमच्या २३ पैकी १४ किल्ल्यांचं कुलूप सापडलं. मुख्य दाराच्या चार होत्या, त्यांतली एक नीट फिरत नव्हती. उरलेल्या नऊ कशाच्या हे कोणालाच सांगता येईना.

अनोळखी किल्ल्या लगेच टाकू नका. पाकिटात घालून वर तारीख लिहा आणि ते पाकीट कपाटापासून दूर कुठेतरी ठेवा. सहा महिन्यांत एखाद्या बॅगेचं किंवा पेटीचं कुलूप सापडतंच. आमच्या नऊपैकी दोन अशा लागल्या, बाकीच्या सात भंगारात दिल्या.

आता चालत्या जुडग्यांची मोजणी करा. घरात रोज बाहेर जाणारी माणसं तीन आणि गाडीची किल्ली एक, म्हणजे चार. त्यात पाहुण्यासाठी एक आणि घरातून बाहेर पडायच्या किल्लीसाठी एक अशा दोन खुंट्या वाढवा. सहा झाल्या. दहा खुंट्यांची पट्टी घेण्याचा मोह टाळा. मोकळ्या खुंटीवर छत्री, पिशवी, गळ्यातली ओळखपत्रं येऊन बसतात आणि किल्ली त्यांच्यामागे जाते.

२. आठवडाभर हाताकडे लक्ष ठेवा

या आठवड्यात काही विकत घेऊ नका. घरात शिरल्यावर प्रत्येकाच्या हातातली किल्ली आपोआप कुठे टेकते तेवढं पाहा. आमच्याकडे मुलगा चपला काढायच्या आधीच ती कपाटावर टाकायचा. हे दोन पावलं आत येऊन जेवणाच्या टेबलावर ठेवायचे. माझी मात्र पर्समध्येच राहायची.

खुंटी हाताच्या या वाटेवर असली तरच टिकते. वाट सोडून चार पावलं आत शोभेची पट्टी लावली, तर पहिले आठ दिवस सगळे उत्साहाने वापरतात आणि नवव्या दिवशी किल्ली पुन्हा टेबलावर येते. आमच्याकडे कपाट आणि टेबल यांच्यामधली भिंत मोकळी होती. दोघांच्याही वाटेत ती येत होती, म्हणून ती निवडली.

३. जागा ठरवताना बाहेरून आत पाहा

मी पहिलं भोक चुकीच्या जागी पाडलं ते इथे. दाराला लागून असलेली भिंत सोयीची वाटली म्हणून पट्टी तिथे लावली. शेजारी खिडकी होती. नंतर एकदा बाहेर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की खिडकीतून हात घालून, हातात एखादी काठी असेल तर सहज, गाडीच्या किल्लीपर्यंत पोहोचता येतं.

म्हणून खुंटीची जागा पेन्सिलने खूण करून ठरवा, तिथे चिकटपट्टीने एक जुडगा तात्पुरता चिकटवा, आणि बाहेर जाऊन तीन गोष्टी तपासा. दार अर्धवट उघडून बाहेरच्या माणसाशी बोलत असताना जुडगा त्याला दिसतो का? खिडकीतून, दाराच्या जाळीतून किंवा पत्रं टाकायच्या फटीतून दिसतो का? आणि तिथूनच पडद्याची काठी आत घातली तर ती पोहोचते का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर जागा बदला. दार उघडल्यावर दाराच्या झडपेआड जाणारी जागा दिसायला चांगली लपलेली असते, पण तिथे दार उघडताना झडप किल्ल्यांवर आपटते. तिथेच लावायचं असेल तर आधी जमिनीवर दार अडवणारा गट्टू बसवा.

उंचीचं सोपं माप म्हणजे खांद्याच्या थोडं खाली, साधारण १३० ते १४० सेंमी. घरात लहान मूल असेल तर गाडीची किल्ली आणि औषधांच्या कपाटाची किल्ली याहून वर न्या. शाळकरी मुलाकडे स्वतःची किल्ली असेल तर त्याची खुंटी मात्र त्याच्या उंचीला लावा. हात पुरत नसेल तर मूल किल्ली खाली कुठेतरी ठेवणारच.

४. बाहेर पडायची किल्ली वेगळी धरा

या पायरीवर जरा जास्त वेळ द्या. तुमचं दार आतूनही किल्लीनेच उघडत असेल, तर रात्री कुलूप लावल्यावर ती किल्ली कुठे असते? बऱ्याच घरांत तीन उत्तरं मिळतात: कुलपातच, उशाखाली, किंवा ज्याने लावलं त्याच्या खिशात.

कुलपातच ठेवण्यात एक अडचण आहे, ती आम्ही भोगली आहे. सिलिंडर म्हणजे कुलपाचा किल्ली आत जाते तो नळीसारखा भाग. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या बऱ्याच साध्या सिलिंडर कुलपांत आतून किल्ली अडकवलेली असेल तर बाहेरची किल्ली पूर्ण आत जात नाही किंवा फिरत नाही. एकदा आम्ही सगळे बाहेर होतो. सासूबाईंनी आतून कुलूप लावलं, किल्ली तशीच ठेवली आणि कानातलं यंत्र काढून झोपल्या. आमच्या तिघांच्या खिशात तीन चांगल्या किल्ल्या होत्या आणि एकही उपयोगाची नव्हती.

तुमचं कुलूप कसं आहे ते दार उघडं ठेवून पाहता येतं. आतून किल्ली घाला, थोडी फिरवलेल्या स्थितीत सोडा आणि बाहेरून दुसरी किल्ली फिरवून पाहा. नंतर आतली किल्ली सरळ ठेवूनही पाहा. दोन्ही वेळा बाहेरची फिरली तर तुमच्या सिलिंडरमध्ये ती सोय आहे. नसेल तर आत किल्ली ठेवायची नाही हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा आणि सिलिंडर बदलायची वेळ येईल तेव्हा तशी सोय असलेला मागा.

उशाखाली किंवा खिशात ठेवणं त्याहून धोक्याचं आहे. आग लागली, वीज गेली, घरात धूर झाला, तर दाराशी पोहोचलेल्या माणसाला किल्ली तिथेच सापडली पाहिजे. तिच्यासाठी मागे फिरायला लागू नये. म्हणून एक किल्ली फक्त बाहेर पडण्यासाठी ठेवा आणि तिला स्वतःची खुंटी द्या. ही किल्ली कधीच घराबाहेर जात नाही, पाहुण्यालाही द्यायची नाही. तिची जागा झोपण्याच्या खोल्यांकडून दाराकडे येणाऱ्या वाटेवर, दारापासून एक-दोन पावलांवर हवी, पण वरच्या काठीच्या चाचणीत ती बसली पाहिजे. धूर वर साठतो आणि माणूस वाकून चालतो, म्हणून तिची खुंटी इतरांपेक्षा खाली, साधारण ११० सेंमीवर लावा. छल्ला मोठा घ्या, हाताला लगेच कळेल असा. आमच्या त्या किल्लीला जाड दोरीचा गोळा आहे.

मग दिवे घालवून प्रत्येकाने बिछान्यापासून निघून, डोळे मिटून, ती किल्ली घेऊन दार उघडून दाखवायचं. सासूबाईंना पहिल्यांदा किल्लीची वरची बाजू कळेना. आम्ही किल्लीच्या डोक्यावर एका बाजूला कानशीने बारीक खाच पाडली. खाच अंगठ्याखाली आली की किल्ली सरळ. दुसऱ्यांदा त्यांनी पहिल्याच प्रयत्नात दार उघडलं.

आतून किल्लीऐवजी मूठ फिरवून उघडणारं कुलूप असेल तर हा सगळा प्रश्नच राहत नाही, आणि मला ते जास्त पसंत आहे. फक्त दारात किंवा दाराशेजारी हात पुरेल अशी काच असेल, तर काच फोडून मूठ फिरवता येते एवढं ध्यानात ठेवा.

५. गाडीची किल्ली तपासून मगच टांगा

किल्ली खिशात असताना दाराला हात लावताच उघडणारी गाडी असेल, तर तिची किल्ली दाराजवळच्या उघड्या खुंटीवर ठेवू नका. या किल्लीचा गाडीशी संवाद एरवी थोड्याच अंतरावर होतो. चोर दोन यंत्रं वापरून तो लांबवतात. एक घराच्या भिंतीजवळ धरायचं आणि दुसरं गाडीजवळ. गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे. दाराला लागून टांगलेली किल्ली त्यांना सगळ्यात सोपी पडते.

घराच्या आतल्या भागात, बाहेरच्या भिंतींपासून दूर ठेवणं हा एक उपाय. दुसरा म्हणजे लहरी अडवणारी पिशवी किंवा धातूची डबी. डबीवर मात्र आंधळा विश्वास नको. किल्ली डबीत घाला, झाकण लावा, डबी घेऊन गाडीच्या दाराशी उभे राहा आणि दाराची मूठ ओढा. दार उघडलं तर डबी निरुपयोगी. मी घेतलेल्या पत्र्याच्या कपाटाच्या दाराला चारी बाजूंनी फट होती, म्हणून त्याच्यावर विसंबले नाही. पिशवी घेतली, ती चाचणीत पास झाली. पिशव्या घड्यांच्या जागी झिजतात, तेव्हा ही चाचणी अधूनमधून पुन्हा करायला हवी.

६. पट्टी आणि कपाट भिंतीवर बसवा

पट्टीच्या दोन खुंट्यांमध्ये निदान ६ सेंमी अंतर हवं, नाहीतर एक जुडगा काढताना शेजारचा खाली येतो. खुंटीचं टोक वर वळलेलं असावं. पट्टीखाली १५ सेंमी भिंत मोकळी सोडा, जुडगा तेवढा लोंबतो आणि भिंतीला घासतो.

कपाट आतून निदान ५ सेंमी खोल घ्या. उथळ कपाटाचं दार फुगलेल्या जुडग्यावर अडकतं, मग ते कायमच अर्धवट उघडं राहतं. कपाटाला कुलूप हवं का? लहान मुलं आणि येणारी-जाणारी माणसं यांच्या हातापासून ते राखतं, एवढाच त्याचा उपयोग. पातळ पत्र्याचं कपाट चोर भिंतीवरून उपटून नेऊ शकतो, तेव्हा तिजोरीची किल्ली त्यात ठेवू नका. आणि कुलपाचं कपाट घेतलंत तर त्याची दुसरी किल्ली त्याच कपाटात ठेवली नाही ना, हे आजच पाहा.

कपाट दाराजवळच असायला हवं असंही नाही. आमची खुंट्यांची पट्टी दाराजवळ आहे आणि कपाट आतल्या खोलीच्या भिंतीवर, झडपेआड. बसलेल्या किल्लीला लागते ती शांत जागा. दाराजवळच लावायचं असेल तर जागेची काठीवाली चाचणी त्यालाही करा.

भोक पाडायच्या आधी विजेचा विचार करा. दाराशेजारी बहुधा दिव्यांची बटणं असतात आणि वर घंटी. भिंतीतल्या तारा सहसा बटणांच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत जातात, म्हणून त्या रेषांवर भोक नको. घंटी आणि बटण यांच्यामधला पट्टाही सोडा. तरी शंका असेल तर त्या भागाची वीज मुख्य बटणापासून बंद करा आणि ड्रिलला दुसरीकडून जोड द्या. भिंतीच्या काठापासून ५-६ सेंमी आत राहा, काठावर विटेचा टवका उडतो.

खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली की पातं घसरत नाही. पात्यावरही, टोकापासून गिट्टीच्या लांबीपेक्षा थोडी जास्त लांबी मोजून, चिकटपट्टीचा वळसा द्या, म्हणजे भोक किती खोल झालं ते कळतं. आता बाहेर येणाऱ्या भुकटीकडे पाहा. आधी गिलाव्याची राखाडी-पांढरी भुकटी येते. विटेची भिंत असेल तर काही मिलिमीटरनंतर तांबडी येऊ लागते. गिट्टीचा बराचसा भाग तांबड्या भुकटीच्या पट्ट्यात बसला पाहिजे. नुसत्या गिलाव्यात बसलेली गिट्टी कपाटाला पहिले काही महिने धरते आणि मग घाईच्या एका हिसक्याने पूर्ण कपाट गिलाव्यासकट हातात येतं. किल्ल्या जड नसतात, पण दिवसातून दहा वेळा ओढल्या जातात. पातं मध्येच झपकन आत गेलं तर भिंत पोकळ ठोकळ्यांची आहे. तिथे साधी गिट्टी धरत नाही, आत जाऊन फुलणारी लागते.

भोक पाडता येणार नसेल तर चिकटवायच्या खुंट्या चालतात, पण फक्त गुळगुळीत पृष्ठभागावर. रंगावरून बोट फिरवा. बोटाला भुकटी लागली तर खुंटी भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटेल. फरशी किंवा लाकडी फळी असेल तर ती स्पिरिटने पुसा, वाळू द्या, खुंटी जोराने दाबून धरा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ होईपर्यंत रिकामी ठेवा.

७. बिल्ल्यावर पत्ता नको

जुडग्यावर नाव, घर क्रमांक, सोसायटीचं नाव, काहीही नको. हरवलेला जुडगा सापडणाऱ्याच्या हाती नुसता धातू असतो. त्यावर पत्ता असेल तर त्याच्या हाती तुमचं दार असतं.

आम्ही नेलपॉलिशचे ठिपके वापरतो. मुख्य दार लाल, मागचं दार निळं, गच्ची पांढरा. कपाटातल्या बिल्ल्यांवर नुसते आकडे आहेत, आणि कोणता आकडा कशाचा ते वहीत. वही कपाटात नाही, कपड्यांच्या कपाटात आहे. किल्लीच्या क्रमांकाचं कार्डही तिथेच. त्या क्रमांकावरून नवी किल्ली बनवता येते, म्हणून कार्ड म्हणजे किल्लीच समजा. त्याच कारणाने नवीन घराच्या आनंदात किल्ल्या हातात धरून काढलेला फोटो कोणालाही पाठवू नका. स्पष्ट फोटोतून दात वाचता येतात.

८. जादा किल्ली मूळ किल्लीवरून करा

काकूंकडची किल्ली का फिरली नाही, ते नंतर कळलं. ती माझ्या जुडग्यातल्या किल्लीवरून केली होती, आणि माझी किल्ली स्वतःच नक्कल होती. दर नकलेत दातांच्या मापात थोडा फरक पडतो. शिवाय वापरलेली किल्ली झिजलेली असते, ती झीजही नकलेत उतरते. दोन फरक एकत्र आले की कुलूप फिरत नाही.

म्हणून कुलपासोबत आलेली एक मूळ किल्ली वापरात आणूच नका. तिला ठिपका लावून कपाटात ठेवा आणि यापुढच्या सगळ्या किल्ल्या तिच्यावरून करा.

नवी किल्ली घरी आणली की आधी दातांवरून बोट फिरवा. कुस लागत असेल तर कानशीने हलके घासा, दाताची उंची कमी होऊ देऊ नका. मग दार उघडं ठेवून दोन्ही बाजूंनी, कुलूप पूर्ण लागेपर्यंत आणि पूर्ण उघडेपर्यंत, दहा वेळा फिरवा. उघड्या दारात ती अडकली तरी तुम्ही बाहेर अडकत नाही. किल्ली किंचित मागे ओढल्यावरच फिरत असेल तर दात लांबीच्या दिशेने सरकलेले आहेत. हलवून हलवून फिरत असेल तर दातांची खोली चुकली आहे. दोन्हीही परत न्या, ‘सवयीने होईल’ म्हणून ठेवू नका. उघड्या दारात चांगली चालली तर शेवटी दार लावून बाहेरून पाहा, तेव्हा दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाच्या हातात असू द्या. जुनं कुलूप जड फिरत असेल तर स्वयंपाकाचं तेल सोडू नका, त्यात धूळ धरते. ग्रॅफाइटची पूड वापरा.

९. घराबाहेरची जादा किल्ली

पायपुसण्याखाली, कुंडीत, चौकटीवर, चपलांच्या कपाटात, मीटरच्या पेटीत ठेवू नका. या जागा तुम्हाला सुचल्या तशाच इतरांनाही सुचतात.

एक किल्ली पायी जाता येईल अशा अंतरावरच्या माणसाकडे असावी, आणि शक्य असेल तर दुसरी लांबच्या नातलगाकडे, कारण जवळचा माणूसही गावाला जातो. किल्ली पाकिटात घाला, पाकीट बंद करा आणि चिकटवलेल्या कडेवर आडवी सही करा. यात त्या माणसावर अविश्वास नाही. पाकीट उघडलं गेलं की किल्ली वापरली गेली, हे दोघांनाही कळतं, आणि कधी काही घडलं तर त्यांच्यावर शंका येत नाही. काकूंना मी हे असंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं केलंस, मलाच धास्ती वाटायची की खणातून कोणी उचलली तर!”

वहीत लिहा: कोणती किल्ली, कोणाकडे, कधी दिली, शेवटची कधी लावून पाहिली. आमच्याकडे मुलाच्या वाढदिवसाला आणि बरोबर सहा महिन्यांनी पाकिटं मागवून किल्ल्या दाराला लावून पाहतो आणि नव्या पाकिटात परत देतो. अर्धा तास लागतो. कुलूप किंवा सिलिंडर बदललंत तर त्याच दिवशी हे करा. नवं कुलूप लावून जुन्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे पडून राहणं फार नेहमीचं आहे.

आकडे जुळवून उघडणारी किल्लीची पेटी बाहेर लावायचीच असेल, घरात आजारी माणूस असेल आणि मदतीला येणाऱ्याला दार उघडावं लागत असेल, तर ती पक्क्या भिंतीत, रस्त्यावरून दिसणार नाही अशी लावा. वापर झाला की आकडे फिरवून ठेवा आणि येणारा माणूस बदलला की आकडा बदला.

१०. किल्ली हरवली तर

पहिला प्रश्न: तिच्यासोबत पत्ता होता का? पाकीट, ओळखपत्र, गाडीचे कागद, काहीही. होता तर त्याच दिवशी सिलिंडर बदला आणि तो बदलेपर्यंत घर रिकामं सोडू नका. पत्ता नसेल आणि घरापासून लांब हरवली असेल, तर एक-दोन दिवस शोधायला हरकत नाही. इमारतीच्या आवारात किंवा घरातूनच नाहीशी झाली असेल, तर पत्ता नसला तरी बदला, कारण ज्याला सापडली त्याला दार माहीत आहे. नव्या घरात राहायला जातानाही हाच न्याय लावा. आधीच्या माणसांनी किती किल्ल्या केल्या होत्या ते कोणीच सांगू शकत नाही.

बहुतेक सिलिंडर कुलपांत पूर्ण कुलूप बदलावं लागत नाही. दाराच्या कडेला, सिलिंडरच्या उंचीवर, एक लांब स्क्रू असतो. तो काढून किल्ली थोडी फिरवली की सिलिंडर बाहेर सरकतो. नवा आणताना माप चुकतं ते इथे: त्या स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत आणि आतल्या टोकापर्यंत अशी दोन वेगळी मापं घ्यावी लागतात, आणि ती सारखी असतीलच असं नाही. बाहेरच्या बाजूला सिलिंडर दाराच्या पट्टीपुढे जास्त आला तर पकडीत धरून मोडता येतो, म्हणून तो ३ मिमीपेक्षा जास्त पुढे नको. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे: मुख्य दार, बाहेर ३५, आत ४०.